वहीचा फोटो आला, आता काय सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी सातनंतर ट्युशनवाल्या सरांच्या, शेजारच्या टीचरांच्या, नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादाच्या व्हॉट्सअॅपवर अर्धवट गृहपाठाचे फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ: "बरोबर आहे काय बघा की." वही उद्या द्यायची असते. अशा फोटोला काय उत्तर द्यावं, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडून पुन्हा पुन्हा विचारलं जातं. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक नववी-दहावीच्या गणितातली आहेत, कारण सगळ्यात जास्त फोटो त्याचेच येतात.

१. पोरानं नुसतं "बरोबर आहे काय" एवढंच विचारलंय. मग हो किंवा नाही सांगून मोकळं का होऊ नये?

"हो" म्हणायला काहीच हरकत नाही. सगळं बरोबर असेल तर तसं सांगा आणि थांबा. उगाच "अजून एकदा तपास" म्हणून घोळ घालू नका, नाहीतर बरोबर उत्तर खोडलं जातं.

अडचण "नाही" म्हणण्यात आहे. सहा ओळींपैकी चार ओळी बरोबर असतात, पण "चुकलंय" एवढंच कळलं की मूल सगळ्या सहा ओळी खोडून पहिल्यापासून सुरू करतं आणि परत त्याच जागी अडकतं. म्हणून उत्तराची सुरुवात नेहमी कुठपर्यंत बरोबर आहे, इथून करा. "तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर" हे तीन शब्द म्हणजे अर्धी हिंट असते. शोधायची जागा आखली जाते आणि केलेलं काम वाया जात नाही.

२. हिंट द्यायची म्हणजे नेमकं काय लिहायचं? एक गणित घेऊन सांगा.

दहावीतलं वर्गसमीकरण घेऊ. अवयव पाडून सोडवायचं आहे. वहीत एवढं लिहून मूल थांबलंय आणि खाली "पुढं जात नाही" असा मेसेज आहे:

```
2x² − 5x + 3 = 0
2x² − 2x − 3x + 3 = 0
2x(x − 1) − 3(x + 1) = 0
```

मधलं पद बरोबर फोडलंय. तिसऱ्या ओळीत दोन कंस सारखे यायला हवे होते, ते आले नाहीत. शेवटच्या पदाचं चिन्ह बिघडलंय, हे तुम्हाला एका नजरेत दिसतं. हात शिवशिवतो, आणि आपण लिहून जातो, "कंसात वजा कर."

त्यापेक्षा पहिली हिंट अशी द्या: "दुसरी ओळ बरोबर. आता तिसऱ्या ओळीतले कंस परत गुणून काढ. दुसरी ओळ मिळते काय?"

यात तुम्ही चूक सांगितली नाही, एक काम सांगितलं. मूल −3 ने कंस गुणतं, −3x − 3 येतं, वर बघतं तर तिथं +3 आहे. बहुतेक मुलं इथेच सावरतात. "हां सर, कळलं" असा मेसेज येतो आणि थोड्या वेळानं दुसरा फोटो.

"चिन्ह बघ" ही हिंट मात्र टाळा. ती सोपी वाटते, पण मूल तपासत बसत नाही, हाताला लागेल ते चिन्ह उलटवतं. कधी पहिल्या कंसात (x + 1) करतं, आणि दोन्ही कंस सारखे झाले म्हणून खूश होऊन पुढं जातं. मग x = −1 असं उत्तर येतं आणि चूक आणखी खोल जाते.

समजा पहिल्या हिंटवर "मिळते की" असं उत्तर आलं. म्हणजे −3(x + 1) हे त्याच्या डोक्यात −3x + 3 होतंय. कंसाबाहेरचं वजा फक्त पहिल्या पदाला लागतं, असा त्याचा समज आहे. आता दुसरी हिंट: "फक्त −3(x + 1) एवढाच तुकडा सोडवून पाठव." दोन पदांचा फोटो आला की खरी अडचण तुमच्यासमोर असते. ती वर्गसमीकरणाची नसून आठवीतल्या कंस सोडवण्याची आहे.

तिसरी हिंट म्हणजे त्याच जातीचं दुसरं गणित, अवघड पायरी करून दाखवलेलं:

```
3x² − 7x + 4 = 0
3x² − 3x − 4x + 4 = 0
3x(x − 1) − 4(x − 1) = 0
```

आणि सोबत एकच प्रश्न: "−4x + 4 मधून −4 बाहेर काढल्यावर कंसात वजा का आलं?" मूळ गणिताला अजून हात लागलेला नाही. ते त्याचं त्यानं पुरं करायचं: (x − 1)(2x − 3) = 0, म्हणून x = 1 किंवा x = 3/2.

३. तिसऱ्या हिंटनंतरही कळलं नाही तर?

मग थांबा आणि ती एक ओळ करून द्या. पूर्ण गणित देऊ नका, अडलेली ओळ द्या आणि पुढच्या ओळी त्याला करू द्या. रात्री साडेनऊला चौथी, पाचवी हिंट देत बसलात तर मूल विचार करायचं सोडून तुमच्या मनातलं ओळखायचा खेळ खेळायला लागतं.

ओळ करून दिली असेल तर वहीत त्या ओळीसमोर पेन्सिलीनं बारीक फुली मारायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं तेच विचारता येतं. वर्गशिक्षकांनाही कळतं की मूल कुठं अडतंय. सगळं घरून बरोबर होऊन आलं तर त्यांना काहीच कळत नाही.

४. फोटोत नुसतं पुस्तकातलं गणित आहे, वही कोरी. याला हिंट काय देणार?

काहीच देऊ नका, आधी मागा. "गणितात काय दिलंय आणि काय काढायचंय, दोन ओळीत लिहून पाठव." शाब्दिक उदाहरणात बऱ्याच वेळा मूल गणितावर अडलेलं नसतं, वाक्यावर अडलेलं असतं. दोन ओळी लिहिल्या की ते दिसतं.

दोन ओळीही येत नसतील तर त्या धड्यातलं सोडवलेलं उदाहरण कुठलं ते सांगा. पान सांगा, उत्तर नको. कोऱ्या पानाला पहिली पायरी देऊन टाकली की उद्यापासून कोरीच पानं येतात, हा बहुतेक ट्युशनवाल्यांचा अनुभव आहे.

५. सरळ सांगून टाकावं अशी चूक असते काय?

असते, आणि ती सरळच सांगावी. फळ्यावरून किंवा पुस्तकातून उतरवताना 5 चा 6 झाला असेल तर "पहिली ओळ पुस्तकाशी ताडून बघ" एवढं स्वच्छ सांगा. त्यात शिकण्यासारखं काही नाही आणि मूल अर्धा तास फुकट घालवतं.

व्याख्या, सूत्र, एकक यांचंही तसंच. शंकूच्या घनफळात एक तृतीयांश विसरला असेल तर तो कितीही विचार केला तरी हवेतून येणार नाही. पुस्तक उघडायला सांगा, किंवा सांगून टाका. ज्याचं उत्तर आधीच्या ओळीवरून निघू शकतं, त्यालाच हिंट. जे माहीत असावं लागतं, त्याला हिंट म्हणजे नुसता छळ.

६. उत्तर घालून पाहिलं तर बरोबर येतं, तरी गणित चूक असू शकतं?

हो, आणि इथे अनुभवी माणूसही फसतो. x² = 3x हे समीकरण घ्या. मूल दोन्ही बाजूंना x नं भागतं आणि x = 3 लिहितं. घालून बघितलं तर 9 = 9. फोटोवर आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. पण x = 0 हे दुसरं उत्तर भागाकारात हरवलं.

इथे "उत्तर घालून बघ" ही हिंट कामाची नाही, कारण 3 घातल्यावर सगळं जुळतंच. हिंट अशी हवी: "वर्गसमीकरणाला जास्तीत जास्त किती उत्तरं असतात? तुझ्याकडे किती आहेत?" तेवढ्यानं भागलं नाही तर, "तू कशानं भागलास? ते शून्य असतं तर चाललं असतं काय?" सगळं एका बाजूला घेऊन x(x − 3) = 0 करायचं, हे मूलच शोधून काढतं.

दुसरा प्रकार म्हणजे उत्तर बरोबर, पण मधल्या पायऱ्या गायब. एसएसएलसीच्या गणितात लेखी परीक्षा 80 मार्कांची असते आणि मार्क पायऱ्यांना मिळतात. तेव्हा "दुसऱ्यावरून चौथ्यावर कसा आलास ते मला लिहून दाखव" असं विचारा. ज्यानं खरंच केलंय तो पटकन लिहितो. ज्यानं दुसऱ्याचं बघून उतरवलंय तो गप्प होतो. त्याला ओरडू नका, तिथूनच दोन नंबरच्या प्रश्नासारखं सुरू करा.

७. कोल्हापूरच्या मामेभावानं वेगळ्या रीतीनं करून दिलंय. तीच रीत चालेल काय?

सीमाभागातला हा अगदी घरचा प्रश्न. दोन चलांतली रेषीय समीकरणं महाराष्ट्राच्या दहावीत निश्चयक वापरून क्रेमरच्या पद्धतीनंही सोडवतात. आपल्याकडचं गणिताचं पुस्तक एनसीईआरटीच्या धर्तीवर आहे, त्यात ती पद्धत नाही. आदेश देऊन आणि लोप करून सोडवायचं असतं. भाषा मराठीच, उत्तरही तेच, पण वाट दुसरी. अमुक पद्धतीनं सोडवा असं प्रश्नातच म्हटलं असेल तर दुसऱ्या रीतीला मार्क जाऊ शकतात.

म्हणून फोटो आला की हिंट लिहिण्याआधी विचारा, "वर्गात कुठल्या रीतीनं केलंत? त्याचा एक फोटो पाठव." आपल्याला जी रीत आवडते तिच्याकडे मुलाला ओढू नये. यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ बघून आलेल्या मुलांच्या वहीतही हीच सरमिसळ दिसते, कारण त्यातले बरेच महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकावरचे असतात.

८. कन्नडच्या गृहपाठाला हिंट कशी द्यायची? तिथं तर माहीत असावं लागतं.

अर्धं खरं आहे. अक्षर, जोडाक्षर, शब्दाचा अर्थ चुकला असेल तर प्रश्न ५ प्रमाणे सरळ बरोबर लिहून द्या. पण मराठी माध्यमाच्या मुलांची एक चूक अशी आहे की तिला हिंट फार छान लागू पडते.

मूल लिहितं, "बस्सु बंदळु." का? कारण मराठीत बस "आली". मराठीत बस स्त्रीलिंगी, ट्रक पुल्लिंगी, म्हणून कन्नडमध्येही तो फरक ओढला जातो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. हिंट एकच: "बसच्या जागी अवनु, अवळु, अदु यातलं काय बसतं?" मूल "अदु" म्हणतं आणि "बंदितु" आपोआप सुचतं. पुढच्या ओळीत पेन, खुर्ची, नदी काहीही असलं तरी तोच प्रश्न ते स्वतःला विचारतं. नियम सांगितला असता तर तो वहीच्या मागच्या पानावर पडून राहिला असता.

९. पालक म्हणतात, "सर, उशीर झालाय, उत्तरच पाठवा, उतरून काढेल." काय सांगावं?

त्यांची अडचण खोटी नाही. दिवसभर काम करून आलेल्या आईला अर्धवट वही घेऊन पोराला झोपवणं नको वाटतं. अशा वेळी वाद घालू नका. "जिथपर्यंत झालंय तिथपर्यंत बरोबर आहे. अडलेल्या ओळीखाली 'इथपर्यंत आलं' असं लिहून वही द्या" असं सांगा. असं लिहिलेली वही बहुतेक शिक्षक रागावून परत करत नाहीत. तुमची वर्गशिक्षकांशी ओळख असेल तर हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

उशीर नेहमीचाच असेल तर फोटोची वेळ ठरवा. साडेआठनंतरच्या फोटोला फक्त कुठपर्यंत बरोबर एवढंच कळेल, हिंट सकाळी. आठवड्याभरात फोटो लवकर यायला लागतात.

१०. इंटर्नल मार्कांचं काम असेल तर हिंट चालते काय?

गणितात 20 मार्क अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. रोजच्या गृहपाठाला लागू असलेली सूट तिथं नाही. टेस्ट घरी सोडवायला दिली असेल तर हिंट देऊ नका, "कुठपर्यंत बरोबर" हेही सांगू नका, कारण तेसुद्धा उत्तरच असतं. प्रश्न नीट समजला नसेल तर वाक्याचा अर्थ सांगा.

प्रकल्पाचं तेवढं कडक नाही. आकृतीला नावं दिलीत काय, मोजमाप कुठून घेतलंस, असं विचारता येतं. फोटोवर "टेस्ट" किंवा मार्क लिहिलेले दिसले तर आधी विचारून घ्या. मुलं हे सांगायला विसरतात, आणि काही वेळा विसरत नाहीत.

११. फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला तर? आणि चुकीच्या जागी लाल गोल केला तर चालेल?

ग्रुपवर उत्तर देऊ नका, त्या मुलाला वेगळा मेसेज करा. ग्रुपवरची हिंट ज्यांनी वही उघडलेलीच नाही त्यांच्यापर्यंत आधी पोचते, त्यांच्यासाठी ती पूर्ण उत्तर ठरते. शिवाय एकाची चूक सगळ्यांसमोर येते.

लाल गोल चालतो, पण मोठा काढा. एका चिन्हाभोवती गोल म्हणजे उत्तर सांगितल्यासारखंच. दोन-तीन ओळी मिळून गोल केला तर शोधायचं काम शिल्लक राहतं. व्हॉइस नोट त्याहून चांगली, कारण बोलताना आपण आपोआप प्रश्न विचारतो. लिहिताना उत्तर लिहून जातो.

१२. फोटो नीट दिसत नाही.

अंदाजानं हिंट देऊ नका. 1 आणि 7 मधला घोळ तुमच्या हिंटेत उतरतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांचा फोटो रेंजअभावी जातच नसेल तर अडलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ टाइप करायला सांगा. बहुतेक हिंटांना तेवढ्या दोन ओळी पुरतात.

१३. मला दहावीचं गणित येत नाही. तरी मी पोराला मदत करू शकते काय?

करू शकता. आईनं गणित सोडवायचं नाही, तपासायला लावायचं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "वरच्या ओळीतून ही कशी आली?" एवढंच विचारा. मूल मोठ्यानं सांगताना अडखळलं की चूक तिथेच असते. तुम्हाला ती समजली नाही तरी त्याला समजते.

दुसरं काम म्हणजे उत्तर मूळ गणितात घालून बघायला सांगणं. यात एक खाचखळगा आहे. लोप करून सोडवलेलं हे बघा:

```
3x + 2y = 18
3x −  y =  9
वजा करून:  y = 9
3x + 18 = 18,  x = 0
```

मूल x = 0, y = 9 पहिल्या समीकरणात घालतं. 0 + 18 = 18, जुळलं! जुळणारच, कारण x त्याच समीकरणातून काढलाय. म्हणून "दुसऱ्या समीकरणात घाल" असं सांगा. तिथं 0 − 9 म्हणजे −9 येतं, हवं होतं 9. चूक वजाबाकीत आहे: 2y मधून −y वजा केले तर 3y येतात. मग y = 3, x = 4. हे शेवटचं तुम्हाला माहीत असायची गरज नाही. "ज्यातून काढलंस त्यात नको, दुसऱ्यात घालून दाखव" एवढं वाक्य पुरतं.

मात्र प्रश्न ६ मधल्यासारखं एक उत्तर हरवलं असेल तर घालून बघून ते सापडत नाही. तसं वाटलं तर फोटो काढा आणि खाली लिहा, "घालून बघितलं, जुळतंय. उत्तरं किती यायला हवीत?" असा मेसेज आला की समोरच्यालाही पूर्ण गणित सोडवून पाठवायचा मोह होत नाही.